नमुन्याखालच्या चार ओळी

दुबईच्या करामा भागातल्या त्या टायपिंग सेंटरमध्ये मी पहिल्यांदा गेले ती माझ्या मुलाच्या व्हिसाचा अर्ज टाइप करून घ्यायला. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. आम्हाला दुबईत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स बघायचा. मी साताऱ्याकडच्या एका कोर्टात भाषांतर विभागात सात वर्षं काढली होती, आणि इथे आल्यापासून घरात बसून होते.

माझ्या आधी एक माणूस काउंटरपाशी उभा होता. सोलापूरकडचा, बांधकामावर फोरमन. त्याला कंपनी स्टोअरकीपर करणार होती आणि त्यासाठी गावच्या पोलीस पाटलाचा दाखला इंग्रजी करून हवा होता. तो तसा करून मिळालाही होता, पण ऑफिसात त्याच्या साहेबाने तो वाचून त्याच्यापुढे टाकला होता. तो माणूस काउंटरवर दोन्ही कागद ठेवून हिंदीत सांगत होता, "भाई, मैं बारावी पास हूँ. ये क्या लिखा है?"

टाइप करणारा गोरखपूरचा. देवनागरी वाचता येते म्हणून मराठी कागदही त्याच्याकडेच जायचे. मूळ दाखल्यात होतं, 'सदर इसमास आजवर कोणतीही शिक्षा झालेली नाही.' आणि इंग्रजीत त्याने इमानेइतबारे लिहिलं होतं की या माणसाने आजवर कोणतंही शिक्षण घेतलेलं नाही.

मला हसू आलं, आणि फोरमनचा चेहरा बघून ते थांबलं. मी पुढे होऊन म्हटलं, "भैया, मराठी में शिक्षा मतलब सज़ा." टाइप करणाऱ्याने डोक्याला हात लावला. आतून सेंटरचा मालक बाहेर आला. त्रिशूरचा, जाड चष्मा, बोलताना सतत पेनाचं टोपण उघडबंद करणारा. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडम मराठी है? काम करेगा?"

तिथून सुरुवात झाली. माझा व्हिसा नवऱ्याच्या नावावर. त्याचं ना-हरकत पत्र जोडून मालकाने माझं लेबर कार्ड, म्हणजे कामाचा परवाना, काढलं. पगार नव्हता, जेवढं काम येईल तेवढ्याचे पैसे. काम बहुतेक घरी करायचं आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी सेंटरमध्ये बसायचं, असं ठरलं. खिडकीजवळ मला एक टेबल आणि फिरत नसलेली फिरती खुर्ची मिळाली.

कामाची रीत लोकांना नीट माहीत नसायची, म्हणून ती सांगते. इथल्या सरकारी कचेऱ्यांना कागद अरबीत लागतो, आणि ते अरबी भाषांतर परवाना असलेल्या कायदेशीर भाषांतरकारानेच करून शिक्का मारायचा असतो. आमच्या वरच्या मजल्यावर असे एक वयस्क सुदानी गृहस्थ होते. पण त्यांना मराठी कुठून येणार? म्हणून मराठी कागद आधी इंग्रजीत यायचा, मग त्यावरून ते अरबी करायचे. मधली पायरी माझी. माझ्या कागदाला स्वतःचं वजन नव्हतं. पण मी चुकले की पुढे अरबीतही ती चूक शिक्क्यासकट पक्की व्हायची. म्हणून मी प्रत्येक शब्दाला जपायचे. कोर्टातली सवय होती, शिवाय तो फोरमनही डोळ्यांपुढे होता.

दोनेक वर्षांनी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेत पाव पान जाहिरात द्यायचं ठरलं. कल्पना नवऱ्याची. स्मरणिका मुंबईत छापून यायची, म्हणून मजकूर महिनाभर आधी द्यायचा होता. स्मरणिकेचं काम बघणाऱ्या बाईंनी फोनवर सांगितलं, "वर तुमच्या कामाचा फोटो टाका, खाली कॅप्शन द्या. चारच ओळी हं. आणि मुदत लिहा, लोक आधी तेच विचारतात."

चार ओळी लिहायला मला आठ दिवस लागले. अख्खे निकाल भाषांतरित केलेली बाई मी, पण स्वतःबद्दल लिहायचं म्हटल्यावर हात थिजला. नवरा म्हणायचा, "चोवीस तासांत, असं लिही. धडाकेबाज वाटतं." मालक म्हणायचा, "सेम डे लिखो मॅडम, सब लोग सेम डे लिखता है." मी दोघांचंही ऐकलं नाही, आणि तरी शेवटी त्यांच्या बाजूला जरा झुकलेच. लिहिलं ते असं :

'मराठी, हिंदी व इंग्रजी कागदपत्रांची परस्पर भाषांतरे.
दाखले, कोर्टाचे कागद, पत्रे : जसेच्या तसे, एकही शब्द न गाळता.
तीन पानांपर्यंत एका दिवसात, जास्त पाने तीन दिवसांत.
कामाचा नमुना वर पाहा.'

मराठी आणि हिंदी ही दोन नावं वेगवेगळी ठसठशीत यावीत यासाठी मी छापणाऱ्याला तीनदा निरोप पाठवला.

नमुन्याचा प्रश्न राहिला. माझ्याकडे गठ्ठाभर कागद होते, पण सगळे दुसऱ्यांचे. नावं झाकली तरी गाव, तारीख, एखादा शेरा यांवरून माणूस ओळखू येतो; त्यात मंडळातले सगळे एकमेकांना ओळखणारे. म्हणून मी स्वतःचाच शाळा सोडल्याचा दाखला घेतला. नावांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, डावीकडे मूळ आणि उजवीकडे इंग्रजी ठेवून झेरॉक्स काढली.

नवऱ्याने ती बघितली आणि त्याचं बोट एका रकान्यावर थांबलं. शाळा सोडण्याचे कारण : सतत गैरहजर.

"हे झाक ना," तो म्हणाला.

"का?"

"बरं दिसत नाही."

नववीत असताना माझी आई आठ महिने अंथरुणाला खिळली होती. घरात दुसरं कुणी बाईमाणूस नव्हतं. मी शाळेत गेले नाही आणि शाळेने माझं नाव काढलं. पुढे वर्षभराने दुसऱ्या शाळेत घातलं. दाखल्यात यातलं काही नाही, नुसतं सतत गैरहजर. मी म्हटलं, "एकही शब्द न गाळता असं खाली लिहिलंय, मग वर गाळू कशी?" तो हसला आणि त्याने झेरॉक्स परत दिली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माझा थोडा अभिमानच वाटला होता.

स्मरणिका निघाली. मालकाने जाहिरातीची मोठी प्रत काढून सेंटरच्या काचेला आतून चिकटवली. काम वाढलं. लग्नाचे दाखले, जन्माचे दाखले, गुणपत्रिका. मी बहुतेक वेळा दिलेल्या मुदतीच्या आत द्यायचे आणि लोक "काय फास्ट आहात हो" म्हणाले की फुलून जायचे.

डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी एक बाई आल्या. पस्तिशीच्या, सांगलीकडच्या, एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स. ड्युटीवरून थेट आल्या होत्या. पायात पांढरे बूट तसेच. हातात स्मरणिकेतलं पान घडी करून आणलेलं. बसल्या बसल्या त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

"हा नमुना कुणाचा आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे एकाचा," मी म्हटलं.

"सतत गैरहजर हे तुम्ही तसंच ठेवलंय. दुसऱ्याने गाळलं असतं, निदान गोड केलं असतं. म्हणून तुमच्याकडे आले. माझ्या कागदात काही इकडेतिकडे झालेलं चालणार नाही."

कागद होता त्यांच्या घटस्फोटाचा निकाल. तालुक्याच्या ठिकाणच्या कोर्टाचा, मराठीत, अकरा पानं. मुंबईत मंत्रालयाचा, मग दिल्लीत परराष्ट्र खात्याचा आणि वकिलातीचा शिक्का, सगळं त्यांच्या भावाने चार महिने हेलपाटे घालून केलेलं. त्यांची नऊ वर्षांची मुलगी आजोळी होती. तिला इथे आणायचं होतं. नर्सना मुलाचा व्हिसा काढता यायचा, पण मुलीचा ताबा आपल्याकडे आहे हे दाखवावं लागायचं. मुलीच्या वडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र इंग्रजीतच होतं; उरला होता तो हा निकाल. एप्रिलमध्ये शाळेचं वर्ष सुरू होणार होतं आणि एका शाळेने मोठ्या मिनतवारीने जागा धरून ठेवली होती.

"तीन दिवस ना?" त्यांनी पानावर बोट ठेवून विचारलं.

"तीन दिवसांत देते."

मी त्यांना एवढंच विचारलं. नाव, पासपोर्टमधलं स्पेलिंग, फोन. बाकी काही नाही.

निकाल चांगल्या हातचा होता. जुन्या वळणाचे न्यायाधीश असावेत. वाक्यं लांब, पण कुठे अडकत नव्हती. मला कोर्टातले दिवस आठवले. मी दोन दिवसांत अकरा पानं उरकली. त्यात बाईंच्या नवऱ्याची कैफियत होती. बायको रात्रपाळीच्या नावाखाली बाहेर राहते, तिचं वर्तन चांगलं नाही, एका डॉक्टरशी तिचे संबंध आहेत. तारखा, ठिकाणं, शेजाऱ्याची साक्ष. दीड पान होतं. नंतर कोर्टाने साक्षी तपासून म्हटलं होतं की हे आरोप शाबीत झालेले नाहीत, आणि बाईंच्या बाजूने निकाल देऊन मुलीचा ताबा त्यांना दिला होता. मी ते दीड पान वाचलं, मनात हळहळले, आणि मग तेही तितक्याच नीटपणे इंग्रजीत उतरवलं. 'संबंध' याला कुठला शब्द योग्य यावर मी अर्धा तास शब्दकोश चाळला. हे आज लिहायला लाज वाटते, पण तसं झालं खरं.

तिसऱ्या दिवशीऐवजी दुसऱ्याच दिवशी मी त्यांना फोन केला. त्या संध्याकाळी आल्या, समोर बसून वाचू लागल्या. मी त्या "काय फास्ट आहात" म्हणायची वाट बघत होते. चौथ्या पानावर त्यांचं वाचणं थांबलं. त्यांनी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग कागद उलटा घालून ठेवला.

"हे सगळं जाणार का?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"आमच्या हॉस्पिटलची व्हिसाची कामं करणारा पीआरओ हे फाईलला लावणार. तो वाचणार. वर त्या अरबी भाषांतरवाल्यांकडे जाणार. मग इमिग्रेशनमध्ये." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मराठीत होतं तेव्हा मला काही वाटलं नाही. इथे कुणाला वाचता येणार होतं? आता तुम्ही ते सगळ्यांना वाचता येईल असं केलंत."

मी म्हटलं, "पण पुढे कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की आरोप शाबीत झाले नाहीत."

"शाबीत झाले नाहीत. म्हणजे असेलही, पण सापडलं नाही, असंच ना? खोटं आहे असं लिहा ना ताई. खोटंच होतं ते."

"कोर्टाने खोटं म्हटलेलं नाही. शाबीत झालं नाही म्हटलंय. मी बदलू शकत नाही."

"मग हे दीड पान गाळा."

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी स्मरणिकेतलं ते घडी केलेलं पान पर्समधून काढलं, त्यावरच्या दुसऱ्या ओळीकडे बघितलं आणि पुन्हा आत ठेवलं. त्यापेक्षा भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पेनाशी खेळणं थांबवून मालक आमच्याकडे बघत होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी बिनसलंय हे कळलं होतं. तो हळूच म्हणाला, "मॅडम, दो पन्ना कम करके देदो ना. किसको मालूम पड़ेगा?"

"नहीं," मी आणि नर्सबाई एकदमच म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मधली पानं गेली तर पानांच्या नंबरावरून कळेल," त्या थकून म्हणाल्या, "मग मुलीचंच अडकेल. मला कळतंय ते. मी उगाच बोलले."

त्या उठणार तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं. म्हणजे सात वर्षं जे रोज हाताखालून गेलं होतं ते आता, दोन दिवस उशिरा आठवलं. मी त्यांना विचारलं, "तुम्ही हुकूमनाम्याची नक्कल नाही घेतली?"

"कशाची?"

"निकाल वेगळा आणि हुकूमनामा वेगळा. निकालात कोण काय म्हणालं, साक्षी, कारणं हे सगळं असतं. त्यावरून कोर्ट हुकूमनामा तयार करतं, डिक्री म्हणतात ती. एक-दोन पानांची. त्यात पक्षकारांची नावं, घटस्फोट झाला ते, ताबा कुणाकडे ते. बाकी काही नाही. तीही कोर्टाचीच, शिक्क्यासकट."

त्या खुर्चीत पुन्हा बसल्या. "वकिलांनी मला हेच दिलं. म्हणाले, हाच निकाल."

"निकाल हाच. पण तुम्हाला दाखवायचं आहे त्याला हुकूमनामा पुरतो. मी आधी विचारायला हवं होतं, कशासाठी हवाय म्हणून. कशासाठी ते तुम्ही सांगितलं होतंत. मीच ऐकून सोडून दिलं."

मी त्यांच्याच फोनवरून त्यांच्या पीआरओला विचारलं. तो आधी "जजमेंट चाहिए" म्हणाला. मी विचारलं, डिक्री चालेल का, ताब्याचा उल्लेख असलेली. तो म्हणाला, विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी निरोप आला : चालेल, पण शिक्के सगळे हवेत.

खरी अडचण इथे होती. निकालावर शिक्के झालेले होते. तो आज दिला तर मुलगी मार्चअखेर इथे. हुकूमनामा हवा तर पुन्हा पहिल्यापासून : भावाने कोर्टात नकलेचा अर्ज द्यायचा, नक्कल मिळाली की मुंबई, मग दिल्ली. एप्रिल हातचा जाणार, शाळेतली जागाही. त्या पुन्हा आल्या तेव्हा मी हे सगळं त्यांना सरळ सांगितलं. ठरवायचं त्यांनी होतं.

"मुलगी मोठी होईल," त्या म्हणाल्या. "तिची फाईल असेल कुठेतरी. व्हिसा रिन्यू करताना दर वेळी ती उघडणार. एक दिवस ती स्वतः रांगेत उभी असेल आणि कुणीतरी तो कागद तिच्या हातात देईल. आपल्या आईबद्दल बापाने काय म्हटलंय ते तिने काउंटरवर वाचायचं?" मग म्हणाल्या, "दोन महिने थांबू. ती थांबेल. तिला सवय आहे." शेवटचं वाक्य बोलल्यावर त्यांना रडू आलं. इतका वेळ त्या अजिबात रडल्या नव्हत्या.

मी भाषांतराचे कागद त्यांच्या देखत फाडले आणि कॉम्प्युटरवरची फाईलही काढून टाकली. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता, पण त्या ऐकेनात. शेवटी हुकूमनाम्याच्या वेळी बघू म्हणून तो विषय संपवला.

नक्कल मागायचा अर्ज मीच लिहून दिला. कोणत्या कोर्टात, प्रकरणाचा क्रमांक, नक्कल कशाची हवी ते स्पष्ट, कोर्ट फी स्टॅम्प लावायला जागा सोडून. तो फॅक्सने भावाकडे गेला. भावाचा उलट फोन आला, नक्कल विभागातला कारकून म्हणतो की निकालाची नक्कल तर तुम्ही नेलीत, आता पुन्हा काय? मी भावाला फोनवर सांगितलं, "त्यांना म्हणा हुकूमनाम्याची हवीय, आणि हुकूमनामा काढला नसेल तर तो काढायची तजवीज करा." भाऊ म्हणाला, "ताई, तुम्हीच या ना इकडे." तो हसत होता, पण त्यातला राग मला कळला. चार महिने तोच हेलपाटे घालत होता, आणि आता माझ्या सांगण्यावरून पुन्हा घालणार होता.

त्या दिवसांत मी काचेवरची जाहिरात रोज बघायचे. वाईट त्यात काही नव्हतं, खोटं तर नव्हतंच. मी जसंच्या तसं देत होते, वेळेत देत होते. पण कोर्टात असताना कागद माझ्याकडे यायचा तो कागदांच्याच गठ्ठ्यातून; त्याच्यामागे बसलेलं माणूस दिसायचं नाही. इथे ते समोर खुर्चीत असायचं, आणि मी तरी कागदाकडेच बघत राहिले होते. पुढे एकदा एक गृहस्थ आजोबांचं सतरा पानी खरेदीखत घेऊन आले. विचारलं तर कळलं, त्यांना फक्त आजोबांचं नाव आणि वडिलांचं नातं दाखवायचं होतं. वारसाच्या दाखल्यावरच त्यांचं काम भागलं. मालक कपाळाला हात लावून बसला : "सत्रह पेज गया!" पण ते गृहस्थ नंतर तीन वर्षं माझ्याकडे येत राहिले.

पुढच्या स्मरणिकेसाठी मी ओळी बदलल्या. 'एकही शब्द न गाळता' ठेवलं, कारण ते खरंच होतं. मुदतीची ओळ काढली आणि लिहिलं, 'कागद कशासाठी हवा ते आधी सांगावे. कोणता लागेल व किती दिवस लागतील ते कागद पाहून ठरवू.' स्मरणिकेच्या बाई म्हणाल्या, "हे जाहिरातीसारखं वाटत नाही हो." नवरा म्हणाला, "लोक वाचून पुढे जातील." गेलेही काही. ज्यांना आजच हवं असायचं ते पलीकडच्या गल्लीत जायचे, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं तिथे काम होतही असेल. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही.

हुकूमनामा यायला मे उजाडला. दीड पानाचा. वर कोर्टाचं नाव, खाली शिक्के. मी तो बाईंच्या समोर बसून वीस मिनिटांत इंग्रजी केला. त्या प्रत्येक ओळ माझ्याबरोबर वाचत होत्या. वरच्या मजल्यावरच्या सुदानी गृहस्थांनी दोन दिवसांत अरबी करून दिलं. ते घेऊन जाताना बाईंनी त्यांना इंग्रजीत विचारलं, "ह्यात कुठे काही नाही ना?" गृहस्थ म्हणाले, "मॅडम, ओन्ली डॉटर. खलास."

जूनमध्ये मुलगी आली. दोन वेण्या, आणि विमानात दिलेली रंगांची पेटी छातीशी धरलेली. शाळेतली ती जागा गेली होती. दुसऱ्या शाळेने सप्टेंबरमध्ये घेऊ म्हटलं होतं, तेही एक इयत्ता खाली. बाईंना त्याचं फार लागलं. माझ्या हुकूमनाम्याच्या सल्ल्याने त्या मुलीचं वर्ष गेलं असं मला वाटत राहिलं. त्या मात्र तसं कधी म्हणाल्या नाहीत. बाहेर पाऊल टाकवत नव्हतं असं ऊन, आणि बाईंची ड्युटी सकाळी सातची. मी म्हटलं, "माझ्याकडे सोडत जा." आम्ही तेव्हा करामातच दोन बिल्डिंग पलीकडे राहत होतो. तो उन्हाळा ती आमच्या घरी असायची. माझा मुलगा तिच्याहून वर्षाने मोठा. ती मराठीत बोलायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं दिवसभर छान चालायचं.

एकदा मी टेबलावर काम करत होते. तिच्या शाळेच्या अर्जाला जोडायला बाईंनी हुकूमनाम्याची प्रत माझ्याकडे ठेवली होती. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली आणि स्वतःचं नाव दिसलं म्हणून वाचू लागली. मी तो ओढून घ्यायला हात पुढे केला. मग आठवलं, वाचू दे. हे ती वाचू शकते.

"मावशी," ती म्हणाली, "यात मला अज्ञान का म्हटलंय? मला तर सगळं येतं."

कोर्टाच्या भाषेत अज्ञान म्हणजे अजून अठरा पूर्ण न झालेली, असं मी तिला सांगितलं. तिला काही ते पटलं नाही. माझ्या मुलाने सोफ्यावरून न उठता म्हटलं, "इट्स जस्ट मायनर."

"मायनर म्हणजे?" तिने विचारलं.

"छोटी," तो मराठीत म्हणाला.

"मग छोटी लिहायचं की," ती म्हणाली. तिने तो कागद नीट घडी करून मला परत दिला आणि रंगांची पेटी घेऊन खिडकीशी जाऊन बसली.